बोरचा हायड्रोजन: ऊर्जा बरोबर आली, पण n चा अर्थ चुकला

बारावीच्या भौतिकशास्त्रात हायड्रोजनची पहिली कक्षा ०.५३ आंगस्ट्रॉम त्रिज्येची आणि तिची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी उत्तरं येतात. पुढे बी.एस्सी.ला श्रोडिंगरचं समीकरण दोन-तीन आठवडे खपून सोडवलं, की ऊर्जेचं सूत्र पुन्हा तेच निघतं. मग प्रश्न पडतो की उत्तर तेच असेल तर बोरचं चुकलं कुठे? ‘इलेक्ट्रॉन कक्षेत फिरत नाही, तो ढगासारखा असतो’ हे नेहमीचं उत्तर खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. चूक बोरच्या मांडणीत एका ठरावीक ओळीत आहे. ती ओळ ओळखता आली, की बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच कशा निघतात ते दिसतं. त्यासाठी आधी मांडणी पूर्ण करून पाहू.

त्रिज्या आणि ऊर्जा

रदरफर्डने १९११ साली अणूच्या मध्यभागी केंद्रक असल्याचं दाखवलं, तेव्हा एक अडचण उभी राहिली. वर्तुळात फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे त्वरण असलेला विद्युतभार, आणि असा भार प्रारण सोडतो. ऊर्जा गमावत तो आत घसरत जाणार. हिशोब केला तर हायड्रोजनचा अणू साधारण १०⁻¹¹ सेकंदात कोसळायला हवा. १९१३ मध्ये नील्स बोरने यावर तोडगा म्हणून काही ठरावीक कक्षांना प्रारणातून सूट दिली. कोणत्या कक्षांना? ज्यांत कोनीय संवेग ħ च्या पूर्ण पटीत आहे, त्यांना. ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २π.

आता दोनच समीकरणं लागतात. पहिलं जुन्या यामिकीतलं: प्रोटॉनचं आकर्षण हेच अभिकेंद्री बल. दुसरं बोरची अट.

```
m v² / r = k e² / r²
m v r   = n ħ        (n = 1, 2, 3, ...)
```

दुसऱ्या समीकरणातून v = nħ/mr काढून पहिल्यात घातला की r सुटतो. त्रिज्या n² च्या प्रमाणात वाढते:

```
r = n² ħ² / (m k e²) = n² a₀
```

आकडे घालून पाहू. ħ² म्हणजे १.११२ × १०⁻⁶⁸. खाली इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०⁻³¹ किलोग्रॅम, आणि ke² म्हणजे २.३०७ × १०⁻²⁸. भागाकार येतो ५.२९ × १०⁻¹¹ मीटर, म्हणजे ०.०५२९ नॅनोमीटर. हीच बोर त्रिज्या, a₀. याच कक्षेत वेग निघतो सेकंदाला सुमारे २१९० किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाचा साधारण १३७ वा भाग. हा १३७ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऊर्जा काढताना विद्यार्थ्यांची नेहमी एकाच जागी गल्लत होते. स्थितिज ऊर्जा −ke²/r असते आणि तिच्यात २ ने भागाकार नसतो. पहिल्या समीकरणावरून गतिज ऊर्जा ke²/2r निघते. बेरीज केल्यावर एकूण ऊर्जा −ke²/2r येते. पहिल्या कक्षेसाठी स्थितिज ऊर्जा −२७.२, गतिज +१३.६ आणि एकूण −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एकूण ऊर्जेचं माप गतिज ऊर्जेइतकंच आलं आणि चिन्ह उलट आलं, तर आकडेमोड बरोबर आहे असं समजा. r च्या जागी n²a₀ घातला की:

```
E = −13.606 eV / n²
```

प्रयोगाशी पहिली गाठ

n = ३ वरून २ वर उडी मारताना हायड्रोजन लाल रेषा देतो. ऊर्जेचा फरक १३.६०६ × (१/४ − १/९) म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि त्यातून तरंगलांबी येते ६५६.११ नॅनोमीटर. पुस्तकात मोजलेली किंमत असते ६५६.२८. आकडे जवळ आहेत, पण वर्णपटाच्या मोजणीत हा फरक खूप मोठा आहे. तो का आला?

आपण प्रोटॉन जागचा हलत नाही असं धरलं होतं, पण खरं तर दोघंही सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे. त्यामुळे m च्या जागी m/(१ + १/१८३६) घालावं लागतं आणि तरंगलांबी तितक्याच पटीत वाढून ६५६.४७ होते. पण आता आकडा जास्तच झाला! कारण ही निर्वातातली तरंगलांबी आहे आणि पुस्तकातली हवेतली. हवेच्या अपवर्तनांकाने, म्हणजे सुमारे १.०००२८ ने भागलं की ६५६.२९ च्या आसपास येतं आणि मेळ बसतो. प्रयोगशाळेत बामर मालिकेचा हिशोब तिसऱ्या-चौथ्या अंकात जुळत नसेल, तर आधी याच दोन दुरुस्त्या तपासाव्यात.

केंद्रकाच्या हालचालीची हीच दुरुस्ती बोरच्या बाजूचा मोठा पुरावा ठरली. झीटा पपिस या ताऱ्याच्या वर्णपटात पिकरिंगला काही रेषा सापडल्या होत्या आणि त्या हायड्रोजनच्याच मानल्या जात. बोर म्हणाला, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. तिथे केंद्रकाचा भार दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट. त्यावर फाउलरने आक्षेप घेतला की मोजलेलं गुणोत्तर ४ नसून ४.००१६ आहे. बोरने हेलियमचं जड केंद्रक हायड्रोजनच्या केंद्रकापेक्षा कमी हलतं हे धरून हिशोब केला, तो आला ४.००१६३. एका साध्या वर्तुळाच्या चित्रातून पाच-सहा अंकांपर्यंत जुळणारं उत्तर मिळाल्यावर लोकांनी ते गंभीरपणे घेतलं, यात नवल नाही.

चुकलेली ओळ

चुकलेली ओळ आहे mvr = nħ.

१९२६ च्या श्रोडिंगर समीकरणात ऊर्जा ठरवणारा n असतोच, पण तो कोनीय संवेग नसतो. कोनीय संवेगासाठी वेगळा अंक आहे, l, आणि त्याचं माप ħ√(l(l+1)). केंद्रकापासून बाहेर जाताना तरंगफल किती वेळा शून्यातून जातं, हा तिसरा आकडा. n या दोहोंतून बनतो:

```
n = l + 1 + (बाहेर जाताना येणाऱ्या शून्यस्थानांची संख्या)
```

n = १ साठी l = ० हा एकच पर्याय उरतो. म्हणजे हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनला कक्षीय कोनीय संवेग अजिबात नाही. बोरने तिथे पूर्ण एक ħ दिला होता.

यावर लगेच शंका येते की इलेक्ट्रॉन फिरतच नसेल तर तो आत का पडत नाही? याचं उत्तर कळलं की बोरची चुकीची ओळ बरोबर आकडा कसा देऊन गेली तेही उलगडतं. इलेक्ट्रॉनला r एवढ्या जागेत कोंडलं की अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्याचा संवेग निदान ħ/r च्या घरात असतोच. मग गतिज ऊर्जा ħ²/2mr² होते आणि स्थितिज −ke²/r. जागा लहान केली तर पहिली ऊर्जा वेगाने चढते, मोठी केली तर दुसरीचा फायदा सुटतो. या बेरजेची किमान किंमत काढली तर r नेमका a₀ येतो आणि ऊर्जा −१३.६. हा अंदाजी हिशोब आहे, पण पूर्ण सिद्धांतातही खालच्या अवस्थेत p² ची सरासरी बरोबर ħ²/a₀² निघते. ‘संवेग गुणिले आकार बरोबर ħ’ हे नातं खरंच आहे. बोरने त्याला फेरीचा कोनीय संवेग मानलं. प्रत्यक्षात तो कोंडमाऱ्याचा परिणाम आहे, आणि ती हालचाल कोणत्याही एका दिशेने फिरणारी नाही.

शिवाय वर्तुळाकार कक्षेत इलेक्ट्रॉन एकाच प्रतलात असतो. प्रतलाला लंब दिशेने त्याचं स्थान अचूक शून्य, संवेगही अचूक शून्य. अनिश्चिततेचं तत्त्व हे होऊ देत नाही. बोरचा अणू थाळीसारखा सपाट आहे. खरा अणू खालच्या अवस्थेत चेंडूसारखा गोल, कुठूनही पाहिला तरी सारखा.

इथे एका फसव्या जागेबद्दल सावध करायला हवं. १९२७ मध्ये फिप्स आणि टेलर यांनी हायड्रोजनच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून पाठवला आणि त्याचे दोन भाग झाले. बोरच्या कक्षेचा एक ħ मानला तर तिचं चुंबकत्व एक बोर मॅग्नेटॉन भरतं, आणि मोजणीही तेवढीच आली. म्हणून काही जण याला कक्षेचा पुरावा समजतात. पण खरा हिशोब वेगळा आहे. कक्षेचा वाटा शून्य, आणि सगळं चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं. स्पिन अर्धा ħ असला तरी त्याचं चुंबकत्व त्या मानाने दुप्पट असतं, म्हणून गुणाकार तोच येतो. l पूर्णांक असल्याने कक्षीय संवेगातून २l + १ म्हणजे नेहमी विषम संख्येचे भाग पडतात. दोन हा सम आकडाच सांगतो की इथे कक्षा काम करत नाहीये.

त्रिज्या म्हणजे नेमकं काय

पूर्ण सिद्धांतात a₀ कुठे दिसतो हे जवळून पाहण्यासारखं आहे. खालच्या अवस्थेत एखाद्या बिंदूपाशी इलेक्ट्रॉन सापडण्याची घनता e^(−2r/a₀) या प्रमाणात असते. ती केंद्रकावर सर्वांत जास्त आणि बाहेर सतत कमी होत जाते. a₀ पाशी तिच्यात काहीच विशेष घडत नाही. पण प्रश्न ‘केंद्रकापासून किती अंतरावर सापडेल’ असा विचारला तर त्या अंतरावरच्या पूर्ण गोलाकार सालीचं क्षेत्रफळ, 4πr², घनतेशी गुणावं लागतं. केंद्रकाजवळ साल इवलीशी, दूर गेलं की साल मोठी पण घनता संपलेली. गुणाकाराचा कळस r = a₀ ला येतो. तोंडी परीक्षेत ‘इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त कुठे सापडतो’ या प्रश्नाला केंद्रक आणि a₀ ही दोन्ही उत्तरं बरोबर असतात. तुम्ही बिंदूबद्दल बोलताय की अंतराबद्दल, एवढं सांगावं लागतं.

सरासरी अंतर मात्र a₀ नाही, १.५ a₀ आहे, कारण बाहेरची शेपटी लांब आहे. a₀ च्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता जेमतेम ३२ टक्के. आणि २a₀ च्या पलीकडे, जिथे −१३.६ ऊर्जेच्या कणाला जुन्या यामिकीत पायही ठेवता येत नाही, तिथे तो २४ टक्के वेळा सापडतो. बोरच्या चित्रात हे दोन्ही आकडे शून्य आहेत.

केंद्रकावरची घनता ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन, दोघांच्या स्पिनची चुंबकं एकमेकांना जाणवतात. खालच्या अवस्थेत कक्षीय प्रवाह नसल्यामुळे हा परिणाम पूर्णपणे इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जागीच सापडण्याच्या घनतेवर, म्हणजे 1/πa₀³ वर अवलंबून असतो. ही घनता घालून काढलेली वारंवारिता मोजलेल्या १४२०.४ मेगाहर्ट्झशी एक टक्क्याच्या आत जुळते. हीच ती २१ सेंटीमीटरची रेषा. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या आकाशातल्या ज्या हायड्रोजनचा वेध घेतात, तो याच रेषेवरून. बोरचा इलेक्ट्रॉन प्रोटॉनपाशी कधीच जात नाही, त्यामुळे हा हिशोब त्याच्या चित्रात मांडताच येत नाही.

n = २: एका कक्षेऐवजी काय

बोरच्या मते n = २ म्हणजे ४a₀ त्रिज्येचं एक वर्तुळ. पूर्ण सिद्धांतात तिथे l = ० ची 2s आणि l = १ च्या तीन 2p अवस्था आहेत, स्पिन धरून एकूण आठ. श्रोडिंगरच्या हिशोबात या सगळ्यांची ऊर्जा एकच येते, आणि ही 1/r या विशिष्ट आकर्षणाची कृपा आहे. बोरची इभ्रत इथेच वाचली. आकर्षण जरा वेगळं असतं, जसं सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला आतल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे जाणवतं, तर l प्रमाणे ऊर्जा फुटली असती आणि नुसत्या n चं सूत्र तिथेच कोसळलं असतं.

ऊर्जा सारखी असली तरी या अवस्थांचं वागणं सारखं नाही. 2p मध्ये सर्वांत संभाव्य अंतर ४a₀ आहे, बोरने सांगितलेलंच, आणि सरासरी ५a₀. 2s ला दोन कळस आहेत: एक लहानसा ०.७६a₀ ला, एक मोठा ५.२४a₀ ला, मध्ये २a₀ वर शून्य. सरासरी ६a₀. सुमारे ५ टक्के संभाव्यता त्या आतल्या कळसात आहे. ४a₀ पाशी त्याचं काहीच विशेष नाही.

आता आयुष्य पाहा. 2p मधला इलेक्ट्रॉन १.६ नॅनोसेकंदांत १२१.६ नॅनोमीटरचा फोटॉन सोडून खाली येतो. एकट्या पडलेल्या अणूत 2s मधला सरासरी ०.१२ सेकंद थांबतो, म्हणजे सात कोटी पटींहून जास्त. कारण फोटॉन आपल्यासोबत एक ħ कोनीय संवेग घेऊन जातो. 2p मध्ये तो द्यायला आहे, 2s आणि 1s दोन्हींत l शून्य, त्यामुळे एका फोटॉनची वाट बंद. मग एकाच वेळी दोन फोटॉन सोडावे लागतात आणि ते फार क्वचित घडतं. प्रयोगशाळेतल्या डिस्चार्ज ट्यूबमध्ये हे आयुष्य दिसत नाही, कारण शेजारच्या अणूंच्या टकरी आणि विद्युतक्षेत्र 2s ला 2p मध्ये मिसळून टाकतात. बोरला दोन्ही अवस्था एकच कक्षा असल्याने हा प्रश्न विचारायलाही जागा नव्हती. कोणती रेषा किती ठळक, याबद्दल त्याची दोन समीकरणं काहीच सांगत नाहीत.

पाचवा अंक

लाल रेषा खरं तर एक नाही, जोडी आहे. साधारण ०.०१४ नॅनोमीटर अंतराची ही जोडी मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्येच पाहिली होती, बोरच्या २६ वर्षं आधी. बोरच्या सूत्रात प्रत्येक n ला एकच ऊर्जा, म्हणून जोडी येऊच शकत नाही.

आता तो १३७ आठवा. वेग प्रकाशाच्या १३७ व्या भागाइतका असेल, तर सापेक्षतेची दुरुस्ती त्याच्या वर्गाच्या, म्हणजे एक लाखात पाच भागांच्या घरातली असणार. १९२८ च्या डिरॅकच्या समीकरणात सापेक्षता आणि स्पिन दोन्ही येतात. तिथे n = २ च्या पातळीत सुमारे ११ गिगाहर्ट्झचं, म्हणजे ४.५ × १०⁻⁵ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर पडतं आणि जोडी मिळते. सोमरफेल्डने १९१६ मध्येच लंबवर्तुळाकार कक्षांना सापेक्षता लावून हीच पातळ्यांची अंतरं काढली होती, स्पिनचा पत्ताही नसताना. ऊर्जेचं सूत्र जुळलं, पण त्यातल्या अंकांचा अर्थ पुन्हा चुकलेला. n ची गोष्ट इथेही घडली. आणि डिरॅकही पूर्ण पुरला नाही. त्याच्या मते 2s आणि खालची 2p अवस्था एकाच ऊर्जेची. १९४७ मध्ये लॅम्ब आणि रेदरफोर्ड (हे रॉबर्ट रेदरफोर्ड, केंद्रकवाले रदरफर्ड नव्हेत) यांनी त्यांच्यात सुमारे १०५८ मेगाहर्ट्झचा फरक मोजला. तो समजायला विद्युतचुंबकीय क्षेत्रालाही क्वांटमचे नियम लावावे लागले.

वर्तुळ कुठे चालतं

l ची सर्वांत मोठी किंमत n − १. अशा अवस्थांत बाहेर जाताना एकही शून्यस्थान नसतं आणि अंतराचा कळस बरोबर n²a₀ ला येतो, म्हणजे बोरच्याच कक्षेवर. सरासरी अंतर n²a₀ च्या जागी (n² + n/2)a₀. फरक 1/2n एवढा: n = १ ला ५० टक्के, n = १०९ ला अर्ध्या टक्क्याहून कमी. कोनीय संवेगही तिथे nħ च्या तितकाच जवळ.

१०९ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. बोरच्या सूत्राने n = ११० वरून १०९ वर येणाऱ्या हायड्रोजनची वारंवारिता काढा. प्रोटॉनच्या हालचालीची दुरुस्ती धरून ३.२८८ × १०¹⁵ हर्ट्झला (१/११८८१ − १/१२१००) ने गुणलं की ५.००९ गिगाहर्ट्झ येते. १९६५ मध्ये रेडिओ दुर्बिणीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातून ही रेषा टिपली. तिथल्या अणूची बोर त्रिज्या ०.६३ मायक्रोमीटर, म्हणजे एकेका अणूचा व्यास एका जिवाणूएवढा. इतका मोठा अणू टकरींत टिकायला आजूबाजूचा वायू फार विरळ असावा लागतो, म्हणून तो तेजोमेघात सापडतो, पृथ्वीवरच्या साध्या डिस्चार्ज ट्यूबमध्ये नाही.